सरकारी कागदाचा भाव का पडतो? ड्युरेशनचा आकडा आणि पैसे लागण्याची तारीख

जून 2022 मधली गोष्ट. भुसावळला मामांकडे गेलो होतो. जेवणं झाल्यावर मामांनी कपाटातून प्लास्टिकची फाईल काढली, त्यातला एक कागद माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, ‘काय झायं भो हे?’ रेल्वेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या रकमेपैकी 10 लाख त्यांनी त्याच वर्षी जानेवारीत एका गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोखे घेणाऱ्या म्युच्युअल फंडात, ठेवले होते. कागदावर किंमत होती साधारण 9 लाख 61 हजार.

पैसे ठेवताना मामांनी एकच प्रश्न विचारला होता, ‘बुडणार तर नाही ना?’ हा प्रश्न आपल्या खान्देशात अगदी स्वाभाविक आहे. पतसंस्थेत अडकलेली ठेव किती वर्षं पोळते हे इथल्या कितीतरी घरांनी पाहिलंय. त्यामुळे ज्याने फंड सुचवला त्याने ‘सरकारी कागद आहे काका, सरकार बुडतं का?’ असं म्हटलं आणि मामांचं समाधान झालं. उत्तर खोटं नव्हतं. सरकारने एकही हप्ता चुकवला नाही. पण कर्ज बुडण्याचा धोका वेगळा आणि व्याजदर बदलल्यावर कागदाचा भाव पडण्याचा धोका वेगळा. दुसऱ्या धोक्याबद्दल मामांनी विचारलं नाही आणि त्या माणसाने सांगितलं नाही. हा दुसरा धोका एका आकड्यात मोजता येतो. त्याला ड्युरेशन म्हणतात. तो कसा वाचायचा आणि आपल्या गरजेशी कसा जुळवायचा, ते मामांचंच उदाहरण घेऊन सांगतो. गुणाकार-भागाकार येत असेल तर पुरे.

आधी, भाव पडतोच का

समजा तुमच्याकडे 100 रुपयांचा सरकारी रोखा आहे. तो दरवर्षी 7 रुपये व्याज देतो आणि पाच वर्षांनी 100 रुपये परत करतो. (खरे सरकारी रोखे व्याज सहामाही देतात, पण हिशेब सोपा राहावा म्हणून वर्षाचं धरू. फरक फार पडत नाही.) आता बाजारातला व्याजदर 8 टक्के झाला. नवा रोखा घेणाऱ्याला 8 रुपये मिळतात. मग तुमचा 7 रुपयेवाला रोखा कोणी 100 ला का घेईल? दरवर्षीचा एक रुपया कमी, तोही पाच वर्षं. घेणारा तेवढी भरपाई आज भावातून कापून मागणार. हिशेब केला तर तो 96 रुपये 1 पैसा देईल. म्हणजे जवळपास 4 रुपये गेले.

मुदत जितकी लांब, तितकी वर्षं तो एक रुपया कमी मिळणार, म्हणून कपात तितकी मोठी. तोच रोखा दहा वर्षांचा असता तर भाव 93.29 झाला असता. तीस वर्षांचा असता तर 88.74. व्याजदर तिन्ही वेळी एकच टक्का वाढला आणि तोटा मात्र 4, 6.7 आणि 11.3 रुपयांचा. मुदत पाचाची तीस झाली, सहापट, पण तोटा तिपटीपेक्षाही कमी वाढला. म्हणून नुसती मुदत बघून धोका कळत नाही.

ड्युरेशन म्हणजे सरासरी किती थांबायचं

खेडा खरेदीत कापूस दिलेल्या शेतकऱ्याला हे समजावणं सर्वांत सोपं. व्यापारी म्हणाला, एक लाखापैकी 30 हजार एका महिन्याने देतो, 70 हजार चार महिन्यांनी. मग तुम्ही तुमच्या पैशासाठी किती महिने थांबलात? चार म्हणणं चूक, कारण काही पैसे आधी आले. अडीच म्हणणंही चूक, कारण मोठी रक्कम शेवटी आहे. दर महिन्यापुढे त्याच्या रकमेचा हिस्सा मांडा: एक महिना गुणिले 0.3 म्हणजे 0.3, चार महिने गुणिले 0.7 म्हणजे 2.8. बेरीज 3.1 महिने. तुमचा रुपया सरासरी 3.1 महिने व्यापाऱ्याकडे होता.

रोख्याचंही असंच करायचं. फरक एवढाच की लांबचा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो, म्हणून प्रत्येक रकमेची आधी आजची किंमत काढायची. आपल्या पाच वर्षांच्या रोख्याचं पहिल्या वर्षीचं 7 रुपये व्याज आजच्या हिशेबात 6.54 रुपयांचं आहे, दुसऱ्या वर्षीचं 6.11, तिसऱ्या वर्षीचं 5.71, चौथ्या वर्षीचं 5.34. पाचव्या वर्षी व्याज आणि मुद्दल मिळून 107 येतात, त्यांची आजची किंमत 76.29. सगळ्यांची बेरीज 100. म्हणजे 100 पैकी 76 रुपये शेवटच्या दिवसावर टांगलेले आहेत आणि उरलेले 24 वाटेत येतात. कापसाचा हिशेब लावला की सरासरी येते 4.39 वर्षं.

हेच मूळ ड्युरेशन. फ्रेडरिक मॅकॉले या अर्थतज्ज्ञाने 1938 मध्ये ते मांडलं, म्हणून त्याला मॅकॉले ड्युरेशन म्हणतात.

आता ‘सरासरी किती थांबायचं’ यावरून ‘भाव किती पडेल’ हे कसं कळतं? इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी गोम याच एका दुव्यात आहे. एका वर्षाने येणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत 7 टक्क्यांनी 93.46 आणि 8 टक्क्यांनी 92.59. म्हणजे किंमत साधारण एक टक्का घटली. पाच वर्षांनी येणाऱ्या 100 रुपयांची किंमत 71.30 वरून 68.06 वर येते, म्हणजे साडेचार टक्के घट. कारण व्याजदराची कात्री एकदा नव्हे, पाचदा लागते. दर वर्षाच्या थांबण्यामागे साधारण एक टक्का. मग सगळे पैसे मिळून सरासरी 4.39 वर्षं लांब असतील, तर सगळ्या रोख्याचा भावही साधारण तितकेच टक्के हलणार.

‘साधारण’ म्हणालो, कारण घट दर वेळी वर्षांच्या आकड्यापेक्षा थोडी कमीच येते. ती बारीक दुरुस्ती करायला सरासरीला एक अधिक व्याजदराने भागायचं: 4.39 भागिले 1.07, उत्तर 4.10. याला मॉडिफाइड ड्युरेशन म्हणतात, आणि आपल्याला कामाला येणारा आकडा हाच. अर्थ सरळ आहे: बाजारातला व्याजदर एक टक्का वाढला तर या रोख्याचा भाव 4.10 टक्के पडेल, एक टक्का घटला तर तितकाच वाढेल. पाव टक्का बदलला तर त्याच्या चौथाई.

हिशेब पडताळून पाहू. 8 टक्क्यांना खरा भाव 96.01 होता, म्हणजे घट 3.99. 6 टक्क्यांना खरा भाव 104.21 येतो, म्हणजे वाढ 4.21. ड्युरेशनने दोन्हीकडे 4.10 सांगितलं. दोन्हीकडची चूक आपल्या फायद्याची आहे: पडताना थोडं कमी पडतं, वाढताना थोडं जास्त वाढतं. या गुणाला कन्व्हेक्सिटी म्हणतात. लहान बदलाला आणि छोट्या मुदतीला तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. तीस वर्षांच्या रोख्याला मात्र ती जाणवते. तिथे ड्युरेशन 12.4 सांगतं, प्रत्यक्षात भाव पडताना 11.3 पडतो आणि वाढताना 13.8 वाढतो.

लक्षात ठेवायला काही आकडे देतो. व्याज 7 टक्के आणि भाव 100 च्या आसपास असलेल्या रोख्याचं मॉडिफाइड ड्युरेशन पाच वर्षांना साधारण 4, दहा वर्षांना 7, वीस वर्षांना साडेदहा, तीस वर्षांना साडेबारा आणि चाळीस वर्षांना सव्वातेरा. दहाच्या पुढे वेग कसा मंदावतो पाहा. चाळीसाव्या वर्षी येणाऱ्या मुद्दलाला आजच्या हिशेबात फारसं वजनच उरत नाही. उलट वाटेत व्याज न देणारा झीरो कूपन रोखा घेतला तर सगळं वजन शेवटच्या दिवशी असतं, म्हणून त्याचं मॅकॉले ड्युरेशन म्हणजे त्याची पूर्ण मुदतच. मुदत सारखी असली तरी झीरो कूपन रोखा जास्त हेलकावे का खातो, ते यावरून कळतं.

पहिलं काम: आपला आकडा शोधा

फंडात पैसे असतील तर आकडा काढायची गरजच नाही. फंड कंपनी दर महिन्याला फॅक्टशीट काढते. त्यात आपल्या योजनेच्या पानावर `Average Maturity`, `Modified Duration`, `Macaulay Duration` आणि `Yield to Maturity` या चार ओळी असतात. पहिली ओळ मुदतीची सरासरी, ती सोडून द्या. दुसरी आपल्याला हवी. काही कंपन्या आकडा वर्षांत देतात, काही महिन्यांत किंवा दिवसांत, तेवढं तपासा. ‘540 दिवस’ वाचून घाबरलेला एक माणूस मी पाहिलाय. ते दीडच वर्ष होतं.

फंडाच्या नावावरूनही अंदाज येतो, कारण ही नावं सेबीने 2017 मध्ये ठरवून दिली आणि ती मॅकॉले ड्युरेशनवरच बेतलेली आहेत. लो ड्युरेशन म्हणजे सहा ते बारा महिने, शॉर्ट ड्युरेशन एक ते तीन वर्षं, मीडियम तीन ते चार, मीडियम टू लाँग चार ते सात, लाँग ड्युरेशन सातच्या वर. गिल्ट फंड मात्र या पट्ट्यांत बसत नाही. त्याला किमान 80 टक्के पैसा सरकारी रोख्यांत ठेवायचं बंधन आहे, पण ते रोखे किती लांबचे हे व्यवस्थापक ठरवतो. त्यामुळे ‘गिल्ट’ हा शब्द कर्ज बुडण्याच्या धोक्याबद्दल सांगतो, भावाच्या हेलकाव्याबद्दल काहीच सांगत नाही. मामांची फसगत नेमकी इथेच झाली.

रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर स्वतः रोखा घेतला असेल तर त्याच्या नावातच माहिती असते. `7.10% GS 2034` म्हणजे दर्शनी किमतीवर वर्षाला 7.10 टक्के व्याज देणारा, 2034 मध्ये परत होणारा भारत सरकारचा रोखा. याचं ड्युरेशन एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये एका ओळीत निघतं. क्रमाने खरेदीची तारीख, परतीची तारीख, रोख्याचं व्याज, बाजारातलं यील्ड, म्हणजे आजच्या भावाला रोखा घेतला तर पडणारा व्याजदर, आणि वर्षातून किती वेळा व्याज मिळतं ते लिहायचं:

```
=MDURATION(DATE(2024,4,8),DATE(2034,4,8),7.10%,7.10%,2)
```

उत्तर येईल 7.07. आता पहिली तारीख बदलून 2029 करा. उत्तर 4.15 होईल. रोखा तोच, फक्त पाच वर्षं जुना झाला. पुढे याचं काम पडणार आहे, म्हणून लक्षात असू द्या. आजचं काढायचं असेल तर पहिल्या तारखेच्या जागी `TODAY()` लिहा आणि चौथ्या जागी आजचं यील्ड टाका.

बँकेच्या मुदत ठेवीला हे लागू होतं का, असं बरेच जण विचारतात. ठेवीला बाजारभाव नसतो, म्हणून तिची किंमत पडलेली दिसत नाही. मोडली तर थोडा दंड बसतो, बाकी मुद्दल शाबूत. हा ठेवीचा खराखुरा फायदा आहे, तो मान्य करायलाच हवा. दर वाढल्यावर जुन्या दराला अडकून पडण्याचं नुकसान तिथेही असतं, फक्त ते पासबुकात छापून येत नाही.

दुसरं काम: गुणा, आणि गादी किती जाड आहे ते बघा

मामांच्या फॅक्टशीटवर मॉडिफाइड ड्युरेशन 6.9 होतं. 2022 च्या सुरुवातीला दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड साडेसहा टक्क्यांच्या आसपास होतं. 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेने ठरलेल्या बैठकीबाहेर रेपो दर 4 वरून 4.40 टक्के केला, आणि जूनपर्यंत दहा वर्षांचं यील्ड साडेसातच्या वर गेलं. म्हणजे एक टक्का वाढ धरू. 6.9 गुणिले 1, म्हणजे 10 लाखांवर 69 हजारांची घट. या पाचेक महिन्यांत फंडाने व्याजही कमावलं, साधारण 3 टक्के, म्हणजे 30 हजार. वजाबाकी 39 हजार. मामांच्या कागदावर 9 लाख 61 हजार होते. मी हा हिशेब वहीत मांडून दाखवला तेव्हा मामा बराच वेळ त्या वजाबाकीकडे बघत बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे हे आधी कळलं असतं.’ दर वाढतील हे कळलं नसतं. पण वाढले तर किती जाईल, हे जानेवारीतच कळलं असतं.

यातून एक सोपा हिशेब निघतो. माझ्या अनुभवात लोकांना ड्युरेशनपेक्षा हा लवकर पटतो. यील्डला ड्युरेशनने भागा. येणारं उत्तर म्हणजे वर्षभरात व्याजदर किती वाढला तर तुमचं वर्षाचं सगळं व्याज भावातल्या घटीत जाईल. ही तुमची गादी. यील्ड 7 आणि ड्युरेशन 7 असेल तर गादी एक टक्क्याची. ड्युरेशन 12.4 असेल तर जेमतेम अर्ध्या टक्क्याहून थोडी जास्त. ड्युरेशन 1.4 असेल तर पाच टक्क्यांची, म्हणजे एका वर्षात ती झिजणं जवळपास अशक्य. एका वर्षात एक टक्का यील्ड वाढणं हे काही विरळा नाही. अर्धा टक्का तर कितीदा होतं. हा हिशेब ढोबळ आहे, कारण वर्षाच्या शेवटी ड्युरेशन स्वतःच थोडं कमी झालेलं असतं, पण निर्णय घ्यायला पुरतो.

तिसरं काम: पैसे कधी लागणार ते लिहून काढा

‘मग छोटंच ड्युरेशन घ्यावं, विषय संपला’ असं इथे वाटेल. तसं नाही. व्याजदर वाढला की आजचा भाव पडतो हे खरं, पण त्याच दिवसापासून तुमचं येणारं प्रत्येक व्याज जास्त दराने पुन्हा गुंतवलं जातं. भावाने घेतलेला पैसा व्याज हळूहळू परत करत राहतं. किती काळात परत करतं? जवळपास ड्युरेशनइतक्याच काळात.

आपल्याच पाच वर्षांच्या रोख्यावर हे करून बघू. एक लाख टाकले. दर 7 वरच राहिला आणि व्याज पुन्हा 7 नेच गुंतवत गेलो, तर 4.39 वर्षांनी हातात सुमारे 1,34,560 रुपये. आता समजा पैसे टाकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दर 8 झाला आणि तिथेच राहिला. किंमत लगेच 96,007 वर आली, पण पुढे ती 8 टक्क्यांनी वाढत गेली. 4.39 वर्षांनी पुन्हा सुमारे 1,34,570. दर 6 झाला असता तर किंमत आधी 1,04,212 वर उडी मारते, मग 6 टक्क्यांच्या संथ चालीने चालते, आणि 4.39 वर्षांनी सुमारे 1,34,570 वरच पोचते. फरक दहा-वीस रुपयांचा. मी पहिल्यांदा हे हाताने केलं तेव्हा कुठेतरी चुकलोय असं वाटून तीनदा तपासलं होतं.

तर 4.39 वर्षांनी ज्याला पैसे हवेत, त्याला या रोख्यात दर वाढो की घटो, फारसा फरक पडत नाही. ड्युरेशन आणि तुमची तारीख जुळली की दोन्ही बाजूंचं वजन सारखं होतं. त्यापेक्षा आधी पैसे लागले तर भावाचा तोटा अजून भरून निघालेला नसतो. फार उशिरा लागणार असतील तर दर घटण्याची भीती, कारण व्याज कमी दराने गुंतवावं लागतं. ही दुसरी बाजू आपण विसरतो, पण वीस वर्षांनंतरच्या म्हातारपणासाठी सगळा पैसा वर्षावर्षाच्या कागदात ठेवणाऱ्याचं नुकसान तिथेच होतं.

मामांची तारीख होती जानेवारी 2024. मुलासाठी जळगावला फ्लॅट बघितला होता, त्याचा मोठा हप्ता तेव्हा द्यायचा होता. म्हणजे पैसे ठेवले तेव्हा हातात दोन वर्षं, आणि फंडाचं ड्युरेशन सातच्या आसपास. दोन वर्षांसाठी एक लाख ठेवले आणि सुरुवातीलाच दर 7 चा 8 झाला तर काय होतं ते सांगतो. दर बदलला नसता तर दोन वर्षांनी 1,14,490 झाले असते. पाच वर्षांच्या रोख्यात असाल तर मिळतील सुमारे 1,11,980. दहा वर्षांच्या रोख्यात 1,08,810. तीस वर्षांच्या रोख्यात 1,03,510. कोणाचाही पैसा बुडाला नाही, सरकारने हप्ते वेळेवर दिले, आणि तरी तीस वर्षांच्या रोख्यातल्या माणसाला दोन वर्षांत 11 हजार कमी मिळाले. दहा लाखांना एक लाख दहा हजार. फ्लॅटच्या हप्त्यात तेवढं कमी पडलं तर कोणाकडे हात पसरायचा?

म्हणून कागदावर दोन रकाने करा. डावीकडे रक्कम आणि ती लागण्याची तारीख, उजवीकडे ती रक्कम ज्यात आहे त्याचं ड्युरेशन. उजवा आकडा डाव्या वर्षांपेक्षा मोठा असेल तर तिथे धोका आहे. तो किती मोठा, हे दुसऱ्या कामातल्या गुणाकाराने कळतं.

तारीख जवळ येते, फंड तिथेच राहतो

आता MDURATION मधले 7.07 आणि 4.15 आठवा. रोखा स्वतः घेतला असेल तर दरवर्षी त्याचं ड्युरेशन आपोआप आटतं. तुमची तारीखही जवळ येते, ड्युरेशनही कमी होतं, दोघं जवळपास बरोबर चालतात. नेहमीच्या फंडात तसं होत नाही. व्यवस्थापक जुने रोखे विकून नवे लांबचे घेत राहतो, त्यामुळे पाच वर्षांनीही फॅक्टशीटवर सातच दिसतात. तुमची गरज सात वर्षांवर असताना जो फंड बरोबर होता, तोच गरज एका वर्षावर आली की अगदी चुकीचा होतो, आणि फंडात काहीच बदललेलं नसतं. ठरलेल्या वर्षी संपणारे टार्गेट मॅच्युरिटी फंड रोख्यासारखेच आटत जातात. ज्याला तारीख पक्की माहीत आहे त्याच्यासाठी मला ते जास्त सरळ वाटतात. नेहमीचा फंडच असेल तर वर्षातून एकदा, दिवाळीनंतर म्हणा, दोन रकान्यांचा कागद पुन्हा काढायचा आणि जवळ आलेली रक्कम छोट्या ड्युरेशनमध्ये हलवायची.

हा आकडा कुठे फसवतो

ड्युरेशन एक गोष्ट गृहीत धरतं: सगळ्या मुदतींचे दर एकसारखे हलतात. तसं नेहमी होत नाही. 6 जून 2025 ला रिझर्व्ह बँकेने रेपो अर्धा टक्का कमी करून 5.50 वर आणला. वर्तमानपत्रात ‘व्याजदर घटले’ वाचून माझ्या ओळखीच्या दोघांनी लांबच्या फंडात पैसे टाकले. पण दहा वर्षांचं यील्ड त्यानंतर ऑगस्टपर्यंत वरच सरकलं, आणि त्यांचा फंड खाली आला. रेपो हा एका रात्रीच्या कर्जाचा दर आहे. दहा आणि तीस वर्षांचे दर पुढच्या महागाईचा अंदाज, सरकार किती कर्ज काढणार आणि पुढे आणखी कपात होईल की नाही यावर ठरतात. त्यामुळे ड्युरेशनला गुणायचा आकडा रेपोतला बदल नव्हे, आपल्या रोख्याच्या मुदतीच्या यील्डमधला बदल. बातमी वाचून गुणाकार करणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच होते.

दुसरं, ड्युरेशन कर्ज बुडण्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. खाजगी कंपन्यांचे कमी पत असलेले रोखे घेणाऱ्या फंडाचं ड्युरेशन दोन असू शकतं आणि सरकारी लांबच्या फंडाचं दहा. दोन हा आकडा बघून पहिला सुरक्षित म्हणाल तर मामांच्या उलट दिशेने चुकाल. ड्युरेशन बघताना शेजारी फंडात कोणाचे कागद आहेत हेही वाचा. फंडाच्या माहितीपत्रकावर नऊ घरांचा एक चौकोन छापलेला असतो. त्यात एका बाजूला व्याजदराचा धोका आणि दुसऱ्या बाजूला कर्ज बुडण्याचा धोका दाखवलेला असतो. सगळ्यात कमी व्याजदर-धोक्याची पहिली ओळ एक वर्षापर्यंतच्या मॅकॉले ड्युरेशनची, दुसरी तीन वर्षांपर्यंतची, तिसरीला मर्यादा नाही. मामांचा फंड तिसऱ्या ओळीत होता.

मामांनी काय केलं

त्या दुपारी मामांना सगळे पैसे काढून बँकेत टाकायचे होते. मी म्हणालो, 39 हजार गेले ते गेले, आता आजपासूनचा हिशेब करू. फ्लॅटच्या हप्त्याला 6 लाख लागणार होते, तेही 19 महिन्यांनी. उरलेल्या 3 लाख 61 हजारांना कसलीच तारीख नव्हती. ते मामींच्या नावाने राहायचे होते, आठ-दहा वर्षांनी लागले तर लागले. मग 6 लाख दीड वर्षाच्या आतबाहेर ड्युरेशन असलेल्या, चांगली पत असलेले कागद घेणाऱ्या फंडात हलवले आणि उरलेले होते तिथेच ठेवले. 3 लाख 61 हजारांवर ड्युरेशन सात आणि गरज आठ वर्षांपुढे, तिथे भीती नव्हतीच.

जानेवारी 2024 मध्ये दहा वर्षांचं यील्ड जून 2022 पेक्षा थोडं खाली होतं. म्हणजे लांबच्या फंडात ठेवलेल्या पैशाने हलवलेल्या पैशापेक्षा जास्त दिलं. मामांनी वहीत दोन्ही मांडून मला विचारलं, ‘मग सगळे तिथेच ठेवले असते तर?’ मी म्हणालो, जास्त मिळाले असते. पण तेव्हा हे माहीत नव्हतं, आणि दर आणखी एक टक्का चढला असता तर हप्त्याच्या 6 लाखांतून आणखी 41 हजार गेले असते. मामांनी 6 गुणिले 6.9 स्वतः करून पाहिलं. मग वही मिटून चेकबुक मागितलं.